रविवारी तू विचारलंस त्याचं उत्तर

निखिल,

रविवारी तू लग्नाचं विचारलंस आणि मी "थोडा वेळ दे" एवढंच म्हटलं. चार दिवस झाले. याहून ताणणं म्हणजे तुझा जीव टांगणीला लावणं. फोनवर मी तुझा आवाज ऐकून शब्द मऊ करत गेले असते आणि शेवटी तुला नेमकं काय कळलं, ते मलाच कळलं नसतं. म्हणून लिहिते आहे.

माझं उत्तर आहे: आत्ता नाही. 'हो, पण उशिरा' असं ते धरू नकोस. तोंडावर 'नाही' म्हणवत नाही म्हणून शोधलेली पळवाटही ती नाही. तू मला हवा आहेस, आणि लग्नाला हो म्हणायची माझी तयारी आज नाही. दोन्ही खरं आहे.

पैशाचं आधी सांगते, कारण ते सोपं आहे. बाबांच्या ऑपरेशनच्या कर्जाचे 9 हप्ते उरलेत. ते मी माझ्या पगारातून फेडणार. पण ते उद्या फिटले तरी मी हेच उत्तर दिलं असतं, त्यामुळे कृपा करून ते भरायची तयारी दाखवू नकोस.

खरी अडचण आपल्या भांडणांची आहे. भांडण झालं की तू बोलणं बंद करतोस. मार्चमध्ये 5 दिवस, जूनमध्ये 4. तिसऱ्या दिवसापासून मला ते असह्य होतं आणि शेवटी मी न पटलेल्या गोष्टीचीही माफी मागून मोकळी होते. वाद मिटल्यासारखा दिसतो, पण मिटत नाही. म्हणून तर बहिणीकडे राहायला जाण्यावरून आपण तीनदा भांडलो. आज आपली घरं वेगळी आहेत म्हणून हे निभतं. एका छपराखाली मी हळूहळू काही बोलायचीच बंद होईन, याची मला भीती वाटते. माझी चूकही लिहिते: मी एका मुद्द्यावर राहत नाही, जुनी उणीदुणी काढते, आणि तू गप्प होतोस त्याला बऱ्याचदा तेच कारण असतं.

दुसरं, मूल. तुला दोन हवीत. मला एक तरी हवं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. "लग्नानंतर बघू" असं तू प्रेमाने म्हणालास, पण नोकरी, घर, खर्च यांत थोडं तू सोड, थोडं मी सोडते असं जमतं. मुलाबाबत जमत नाही. नंतर माझं उत्तर 'नको' आलं तर तू फसवला गेलास असं होईल. ते मला करायचं नाही.

म्हणून 31 जानेवारीपर्यंतचा वेळ मागते. त्या दिवशी मी हो किंवा नाही सांगेन, पुन्हा मुदत मागणार नाही. माझं मन आधीच 'नाही'वर ठरलं तर त्याच आठवड्यात समोर बसून सांगेन, तारखेची वाट बघणार नाही. तोवर दोन गोष्टी करून बघूया. राग आला तर "उद्या संध्याकाळी बोलतो" एवढं सांगून तू बाजूला हो, आणि उद्या संध्याकाळी खरंच बोल. मी एका वेळी एकच विषय काढेन. आणि समुपदेशकाकडे 6 बैठकांना जाऊया, खर्च निम्मा निम्मा. मुलाचा प्रश्न मला तिथेच, तिसऱ्या माणसासमोर बोलायचा आहे, कारण आपण दोघंच असलो की मी तुझा चेहरा बघून उत्तर बदलते.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तासभर यावर बोलू. एरवी "काय ठरलं?" असं विचारू नकोस, मित्रांकडूनही विचारून घेऊ नकोस. घाईत दिलेला होकार तुलाही नको असेल.

अंगठी तुझ्याकडेच राहू दे. ती माझ्या कपाटात असली तर ते उत्तरासारखं दिसेल. घरी "आम्ही विचार करतोय, जानेवारीअखेर सांगू" एवढंच सांगूया, दोघांच्याही घरी हेच वाक्य. काकूंनी मला थेट विचारलं तरी मी हेच सांगेन.

आणि तू थांबलंच पाहिजेस असं नाही. जानेवारीपर्यंत थांबणं तुला जड वाटलं तर तसं सांग. वाईट वाटेल, पण मी तुला दोष देणार नाही, मन वळवायलाही येणार नाही. तू विचारलंस, तेही चारचौघांत नाही, मला नाही म्हणायची मोकळीक ठेवून, याची मला किंमत आहे.

लगेच उत्तर देऊ नकोस. शनिवारी सकाळी मी घरीच आहे. यावंसं वाटलं तर 10 नंतर ये. नाही वाटलं तर नुसतं "वाचलं" एवढं कळव.

मृणाल