‘सांडवा’ : तीन भागांचा आराखडा

ताई,
कोणत्या भागात काय मिटतं आणि काय उरतं, ते तुम्ही विचारलं होतंत. मालिकेचा प्रश्न एकच आहे : त्या रात्री गाव का वाहून गेलं? प्रत्येक भाग त्याचं एक उत्तर देतो. उत्तर खरं असतं, पण अपुरं.

भाग १. धरणाचे दरवाजे इराच्या वडिलांनी उघडले आणि ते पळून गेले, असं सगळे धरून चालतात. इराला नोंदवही सापडते. रात्री दीडनंतरच्या नोंदी दुसऱ्याच अक्षरात आहेत. शेवटी वडिलांसोबत धरणावर पाळी करणारा भानू कबूल करतो, दरवाजे त्याने उघडले. इथेच पुस्तक मिटलं तरी वाचक समाधानी राहील. पुढच्या भागासाठी भानूचं एवढंच वाक्य : ‘मला फोन आला होता.’ वडील बेपत्ताच.

भाग २. फोन मुख्य अभियंत्याचा. त्याला खलनायक करणं फार सोपं होतं, म्हणून टाळलं. धरण मातीचं आहे. पाणी माथ्यावरून वाहू लागलं असतं तर भिंतच फुटली असती आणि खालची सगळी गावं गेली असती. त्याचा हिशेब बरोबर होता. त्याला कोर्टात खेचायला निघालेली इरा कागद वाचून गप्प होते. वडीलही इथेच, पुस्तकाच्या मध्यावर सापडतात. तिसऱ्या भागापर्यंत त्यांना लपवायचा मोह होता, पण वाचकाला तेवढ्यासाठी ताटकळत ठेवणं बरं नव्हे. ते सापडतात आणि तोंड उघडत नाहीत, हे जास्त कामाचं. उरतो भोंगा. दरवाजे उघडण्याआधी गाव उठवायला वेळ होता, तरी तो वाजला का नाही?

भाग ३. कागदोपत्री भोंग्याची पाळी भानूची. त्याने आणि वडिलांनी ती आपसांत बदलली होती. वडील जागेवर नव्हते, कारण तापाने फणफणलेल्या लहानग्या इराला ते दवाखान्यात घेऊन गेले होते. पहिल्या भागाचा निकाल यामुळे खोटा पडत नाही, दरवाजे त्यांनी उघडलेच नव्हते. तो निकाल पुरत नाही, इतकंच. वडील बोलत नाहीत आणि ही अदलाबदल भानूशिवाय दुसऱ्या कोणाला माहीत नाही, म्हणून दुसऱ्या भागातलं त्याचं मरण काढून टाकलं.

पेरणी पहिल्याच भागात आहे. प्रकरण ३ मध्ये इराला बालपणातली सलाइनची सुई आठवते, कधीची ते आठवत नाही. प्रकरण ९ मध्ये म्हातारी पुटपुटते, ‘भोंगा झाला असता तर पोरं तरी उचलली असती.’ तिथे तो निव्वळ शोक वाटायला हवा.

इरा हे गावाला सांगते का, ते मात्र मी कुठेच मिटवत नाही. ती सभेत उठून उभी राहते, तिथे पुस्तक संपतं. गाव का वाहून गेलं, हे तोवर वाचकाला पुरतं कळलेलं असतं. तिने काय करावं, हे मालिकेने विचारलेलंच नाही. तुमचं मत वेगळं असेल तर आत्ताच सांगा, तिसऱ्याची शेवटची तीन प्रकरणं त्यावर अवलंबून आहेत.

प्रकरण ९ सोबत जोडलंय. म्हातारीचं वाक्य फार ठळक झालंय का, तेवढं बघाल?