जुने कपडे आणि पुस्तकं : शनिवार-रविवार, १३-१४ जून २०२६ (सुधारित पोस्ट, आता हीच धरा)

मंडळी, "वापरण्यायोग्य कपडे व पुस्तके सोसायटीत जमा करावीत" ही मंगळवारची पोस्ट रद्द. तिच्याखाली जेवढे प्रश्न आले, त्यांची उत्तरं इथे आहेत. कुणाला पुढे पाठवली असेल तर त्यांनाही ही पाठवा आणि जुनी पुसून टाका.

कुठे : बी विंगच्या तळमजल्यावरचा टेबल टेनिसचा हॉल. सोसायटीचं ऑफिस नाही, वॉचमनची केबिन नाही, ए विंगचा जिना तर नाहीच.

कधी : शनिवार १३ जून, सकाळी ९ ते १ आणि संध्याकाळी ४ ते ८.
रविवार १४ जून, फक्त सकाळी ९ ते १.

शनिवारी दुपारी १ ते ४ हॉल बंद. (यावरचे विनोद समितीने आधीच करून घेतले आहेत.) रविवारी दुपारी ३ वाजता टेम्पो निघतो. १ ते ३ बांधाबांध आणि भरणं चालतं, त्या वेळात नवीन काही घेणार नाही.

गाडीतून आणणाऱ्यांनी मागच्या गेटने यावं. हॉलचं दार तिथून समोरच दिसतं आणि सामान उतरवेपर्यंत गाडी उभी करता येते. पुढच्या गेटने आलात तर पिशव्या हातात घेऊन बाग ओलांडावी लागेल. ज्यांना उचलणं शक्य नाही अशा आजी-आजोबांनी शुक्रवारी रात्री ८ पर्यंत इंटरकॉमवर २०४ ला सांगावं. सी विंगमधली कॉलेजची पोरं शनिवारी १० ते १२ मध्ये दाराशी येऊन घेऊन जातील. बाकीच्यांनी स्वतः आणायचं आहे. "घरून घेऊन जाल का" हा प्रश्न धडधाकट माणसांकडूनच जास्त येतो, म्हणून स्पष्ट लिहिलं.

हॉलमध्ये दोन टेबलं असतील. दाराच्या डावीकडे कपडे, उजवीकडे पुस्तकं. पिशव्या घरूनच वेगळ्या करून आणा, एकाच पिशवीत दोन्ही नको.

कपडे

हे कपडे बावधन आणि सूसच्या बाजूला बांधकामांवर राहणाऱ्या कुटुंबांकडे जाणार आहेत. त्यांना रोज अंगात घालायला लागतं तेच हवंय : शर्ट, टी-शर्ट, पँट, सलवार-कुर्ते, रोजच्या साड्या, परकर, लहान मुलांचे सगळे कपडे, स्वेटर, चादरी, टॉवेल. पावसाळा तोंडावर आहे, त्यामुळे रेनकोट आणि धड उघडणाऱ्या छत्र्या आल्या तर उत्तमच. सगळं धुतलेलं, पूर्ण वाळलेलं आणि घडी घातलेलं हवं. चेन लागते का, बटणं सगळी आहेत का, हे घरीच बघा. साडीचा ब्लाउज असेल तर साडीलाच टाचणीने लावा. एकदा सुटला की तो कुठल्या साडीचा होता हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

प्रत्येक पिशवीवर कागद चिकटवा आणि त्यावर ठळक लिहा : पुरुष, बाई किंवा मूल. मुलांच्या पिशवीवर वयही. "मूल, ६ वर्षं" एवढं पुरे. तिथे वाटप टेम्पोच्या मागे उभं राहून होतं. पिशवी उघडून आत काय आहे ते शोधायला कुणाला वेळ नसतो.

घेणार नाही : आतले कपडे, मोजे, फाटलेलं, डागाळलेलं, रंग गेलेलं, ओलसर. शाळेचा बिल्ला शिवलेले गणवेश. सूट, ब्लेझर, शेरवानी, लग्नातले घागरे. उशा, गाद्या, पडदे, चपला-बूट. ज्या पायजम्याला बोहारीणसुद्धा नाक मुरडेल, तो आमच्याकडे आणू नका. फाटक्या कपड्यांसाठी कचरा घ्यायला येणाऱ्या 'स्वच्छ'च्या ताईंना विचारा, त्या घेऊन जातात की नाही ते सांगतील. नाहीतर घरातच पुसायला वापरा.

आणि खिसे तपासा, प्रत्येक खिसा. गेल्या वर्षी एका कोटाच्या आतल्या खिशातून कानातली एकच कुडी निघाली. ती अजून ऑफिसच्या कपाटात पाकिटात ठेवली आहे. दुसरी कुडी आणून दाखवा आणि घेऊन जा.

पुस्तकं

ही मुळशी तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेच्या वाचनालयात जाणार आहेत. म्हणजे वाचणारी मुलं आठवी ते दहावीची, शिवाय शाळेतून बाहेर पडलेली काही अकरावी-बारावीची.

हवी आहेत : मराठी, हिंदी, इंग्रजी गोष्टींची पुस्तकं, चरित्रं, विज्ञानाची सोपी पुस्तकं, शब्दकोश, नकाशासंग्रह, 'किशोर'चे जुने अंक (कितीही जुने चालतील, मुलं चट्टामट्टा करतात), गेल्या तीन वर्षांतले दिवाळी अंक.

पाठ्यपुस्तकांबद्दल सगळ्यात जास्त गोंधळ झाला, म्हणून नीट वाचा. पहिली ते आठवीची नकोत. सरकारी आणि अनुदानित शाळांत ती मुलांना मोफत मिळतात. राज्य मंडळाची दहावी, अकरावी आणि बारावीची हवीत, पण चालू अभ्यासक्रमाचीच. कसं ओळखायचं? बालभारतीच्या पुस्तकात आतल्या पानावर 'प्रथमावृत्ती' लिहिलेलं असतं. दहावीला २०१८, अकरावीला २०१९, बारावीला २०२० दिसलं की पुस्तक चालेल. त्याच्या शेजारचं पुनर्मुद्रणाचं साल कुठलंही असो. त्याआधीची प्रथमावृत्ती असेल तर सरळ रद्दीत. सीबीएसई, आयसीएसईची यंदा नकोत, त्या शाळेत ती कुणाला उपयोगी नाहीत.

घेणार नाही : विश्वकोशाचे जाडजूड संच, जुन्या चालू घडामोडी, स्पर्धा परीक्षांची गाइडं, सोडवून झालेल्या प्रश्नपत्रिका, सीडी जोडलेली कॉम्प्युटरची पुस्तकं, वर्तमानपत्रं, पोथ्या आणि देवांच्या तसबिरी. (तसबिरी टेबलाखाली गुपचूप ठेवून जाणाऱ्यांना यंदा कॅमेरा आहे एवढंच सांगते.) वाळवी किंवा कसर लागलेलं एक पुस्तक अख्खी पेटी खराब करतं, तेव्हा तेही नको. वह्या घेऊ, पण निम्म्याहून जास्त पानं कोरी हवीत आणि लिहिलेली पानं घरीच फाडून काढा.

पुस्तक आणण्याआधी दोन्ही पुठ्ठे धरून उलटं करा आणि झटका. पत्रं, फोटो, पासबुकं, पाचशेची नोट, काहीही पडतं. मग दहा-बाराचा गठ्ठा सुतळीने बांधा. रबरबँड लावू नका, कडा दुमडतात. पाऊस असेल तर गठ्ठा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालूनच बाहेर पडा.

उरलेलं पटापट : टेबलावरची मंडळी पिशवी तुमच्यासमोर उघडून बघतील. जे चालत नाही ते तिथेच तुमच्या हातात परत देतील, रागावू नका. पैसे घेत नाही. पावती मिळणार नाही, आणि वस्तूंच्या दानाला ८०जी लागू होत नाही, त्यामुळे ती मागूही नका. मित्र-नातेवाइकांचं सामान चालेल, पण तुम्ही स्वतः घेऊन या. ही पोस्ट सोसायटीबाहेरच्या ग्रुपांवर टाकू नका, टेम्पो एकच आहे आणि छोटा आहे. रविवारी १ नंतर हॉलच्या दाराशी ठेवलेली पिशवी टेम्पोत जाणार नाही, ती सोमवारी सकाळी कचऱ्याच्या गाडीत जाईल.

एखाद्या वस्तूबद्दल शंका असेल तर फोटो काढून याच ग्रुपवर शुक्रवारी रात्री ८ पर्यंत टाका. त्यानंतरचं उत्तर हॉलमध्ये.

कपडे-पुस्तकं गट, बी विंग