टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर बालकाची शुश्रूषा: रक्तस्रावावर लक्ष, आहार आणि पालक शिक्षण

जीएनएम नर्सिंग, कान-नाक-घसा विभाग, लेखी असाइनमेंट

रुग्णाची माहिती

सहा वर्षांचा मुलगा, वजन १८ किलो, राहणार देवगड तालुक्यातील खाडीकाठचे एक गाव. नाव गोपनीय ठेवले आहे, पुढे त्याला 'बाळ' म्हटले आहे. वडील मच्छीमार ट्रॉलरवर खलाशी, आई घरी, सोबत आजी. गेल्या वर्षभरात घसा सुजून ताप येण्याच्या सात वेळा झाल्या. प्रत्येक वेळी गिळता येत नसे आणि शाळा बुडे. ऑपरेशनपूर्वीच्या नोंदी: नाडी ९८, रक्तदाब ९६/६०, हिमोग्लोबिन ११.४. घरात कोणाला जखमेतून जास्त रक्त जाण्याचा त्रास नाही. खालचा एक दात हलत होता, तो भूलतज्ज्ञांना आधीच दाखवला. मंगळवार, २८ जुलै रोजी पूर्ण भूल देऊन दोन्ही टॉन्सिल काढले आणि ११.४० ला बाळ वॉर्डात आले.

पहिले काही तास

बाळ पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत त्याला कुशीवर ठेवले, डोके किंचित खाली, तोंड बाजूला, वरचा गुडघा दुमडून पुढे. असे झोपवले की लाळ आणि रक्त गालातून बाहेर येते. उताणे झोपवले तर तेच श्वासनलिकेत जाऊ शकते, किंवा पोटात जाऊन आपल्याला दिसतच नाही. सक्शन मशीन सुरू करून पाहिले, ऑक्सिजन आणि टॉर्च खाटेशी ठेवले. सक्शनची नळी गालाच्या बाजूनेच घालायची, टॉन्सिलच्या जागी टोचायची नाही, हे सिस्टरांनी माझा हात धरून दाखवले.

नाडी, श्वास, रक्तदाब आणि ऑक्सिजनचे प्रमाण पहिला तास दर १५ मिनिटांनी, पुढचे दोन तास दर अर्ध्या तासाने, मग तासातासाने घेतले. गळ्याला कापडात गुंडाळलेली बर्फाची पिशवी लावली. बाळाला ती आवडली नाही, म्हणून आईच्या हातात दिली. आईने धरल्यावर त्याने काढून टाकली नाही.

रक्तस्रावावर लक्ष

या असाइनमेंटमध्ये मला सगळ्यात जास्त याच भागाबद्दल लिहायचे आहे. बाकी जखमांवर बँडेज असते, ते भिजले की कळते. टॉन्सिलच्या जखमेवर काहीच नसते आणि लहान मूल रक्त थुंकत नाही, गिळते. म्हणून उशी कोरडी आहे, याचा अर्थ रक्त जात नाही असा होत नाही.

१८ किलोच्या मुलाच्या अंगात रक्त असते सुमारे १३५० मिली, म्हणजे किलोमागे ७५ मिली धरून. त्याचा दहावा हिस्सा १३५ मिली होतो. चहाचा एक लहान पेला भरेल एवढेच ते. मोठ्या माणसाला जे फारसे जाणवणार नाही, ते या बाळाला जड जाते. त्यातही मुलांचा रक्तदाब बराच वेळ टिकून राहतो आणि एकदम कोसळतो, त्यामुळे रक्तदाब चांगला आहे म्हणून निश्चिंत राहता येत नाही. आधी नाडी वाढते, मूल चुळबुळ करते, ओठ-नखे फिकट दिसतात, हात-पाय गार पडतात.

या सगळ्याच्याही आधी दिसते ते सारखे सारखे गिळणे.

त्या रात्री १.३० वाजता मी फेरी घेत होते. बाळ झोपलेले होते, आईलाही डोळा लागला होता. टॉर्चचा प्रकाश भिंतीवर सोडून मी त्याच्या गळ्याकडे पाहत राहिले. कंठाची हालचाल वर, खाली, थोडे थांबून पुन्हा वर. घड्याळ लावून मोजले तर एका मिनिटात सहा वेळा. तासापूर्वी झोपेत तो क्वचितच गिळत होता. नाडी १०२ वरून १२४ वर गेली होती. रक्तदाब ९४/६०, म्हणजे जवळजवळ पहिल्यासारखाच. लगेच नाईट सिस्टरांना उठवले. त्यांनी बाळाला जागे करून बसवले, पुढे झुकवून तोंड उघडायला लावले. उजव्या बाजूला खाली गडद गुठळी आणि तिच्या कडेने लाल रेघ दिसत होती.

डॉक्टर येईपर्यंत केलेली कामे अशी: तोंडाने काहीही देणे बंद, बाळ आईच्या मांडीवर पुढे झुकून, तोंडाखाली ट्रे, आणि "गिळू नको, थुंक" असे पुन्हा पुन्हा सांगणे. सलाईन चालू आहे याची खात्री, क्रॉसमॅचसाठी रक्ताचा नमुना, दर पाच मिनिटांनी नाडी, ऑपरेशन थिएटरला निरोप. थिएटरला आधी कळवण्याचे कारण असे की पुन्हा भूल द्यावी लागली तर पोटात गिळलेले रक्त असते आणि ते उलटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो, त्यामुळे भूलतज्ज्ञांना तयारीला वेळ हवा. सुदैवाने थिएटरची गरज पडली नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ३ वाजेपर्यंत स्राव थांबला, ४ वाजता नाडी १०४ झाली. सकाळी त्याला एकदा कॉफीच्या चोथ्यासारखी काळपट उलटी झाली. ते गिळलेले जुने रक्त होते. ताज्या लाल रक्ताची उलटी असती तर मात्र पुन्हा धोक्याची खूण ठरली असती. घरी सोडणे एक दिवस पुढे ढकलले.

असा पहिल्या २४ तासांतला रक्तस्राव आम्ही रुग्णालयात असतानाच होतो. दुसऱ्या प्रकारचा सहसा पाचव्या ते दहाव्या दिवसात होतो. जखमेवर आलेला पांढरा थर तेव्हा सुटतो, खालची जागा उघडी पडते, जंतुसंसर्ग असेल तर धोका वाढतो. तोपर्यंत मूल घरी असते, खेळायला लागलेले असते आणि घरच्यांची काळजी संपलेली असते.

वेदना

पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिग्रॅच्या हिशोबाने. १८ किलोला २७० मिग्रॅ होते. डॉक्टरांनी ५ मिलीत २५० मिग्रॅ असलेले सिरप ५ मिली दर सहा तासांनी लिहिले, २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. पहिले काही दिवस बाळ रडेपर्यंत न थांबता घड्याळाप्रमाणे द्यायचे. दुखले की मूल पीत नाही, प्यायले नाही की घसा सुकतो, सुकला की आणखी दुखतो. म्हणून खाण्याआधी अर्धा तास औषध. ॲस्पिरिन अजिबात नाही, त्याने रक्तस्राव वाढतो. कोडीन असलेले औषधही नाही: काही मुलांच्या शरीरात त्याचे मॉर्फिन फार झपाट्याने बनते आणि श्वास मंदावतो. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१३ मध्ये या ऑपरेशननंतर मुलांना ते देऊ नये असा कडक इशारा दिला. घरात पडून असलेले खोकल्याचे औषध विचारल्याशिवाय देऊ नका, असे म्हणूनच आईला सांगितले.

आहार

बाळ शुद्धीवर येऊन उलटी थांबल्यावर आधी गार पाण्याचे दोन घोट, मग शहाळ्याचे पाणी, गार केलेली पेज. १८ किलोच्या मुलाला दिवसाला साधारण १४०० मिली द्रव लागते. एवढे एका दमात कोणी पीत नाही, म्हणून आईने दहा मिनिटांनी दोन घोट असा क्रम ठेवला. स्ट्रॉ दिली नाही, ओढून प्यायल्याने जखमेवर ताण येतो.

मंगळवारी संध्याकाळी आजी घरून बाटली घेऊन आल्या. "गो बाय, घरच्या कोकमाचा सरबत हा, पोराक पाजूया काय?" त्यांनी प्रेमाने आणले होते. मी बाटली हातात घेऊन खिडकीशी उजेडात धरली आणि विचारले, "आजी, हे पिऊन त्याला उलटी झाली तर ते सरबत की रक्त, कसे ओळखू?" त्यांनी बाटली परत पिशवीत ठेवली. रात्रीचा प्रकार पाहता ते सरबत पोटात नव्हते हे बरे झाले. कोकम आंबट असल्याने झोंबते ते वेगळेच. सोलकढी, बीट, लाल-तपकिरी सरबते याच कारणाने बंद. उकड्या तांदळाच्या पेजेलाही लालसर रंग असतो, म्हणून सुरुवातीला सुरय तांदळाची पांढरी पेज सांगितली. नाचणीची आंबील रंगामुळे दोन दिवस नको, नंतर चालेल.

आजींचा दुसरा प्रश्न गारव्याचा होता. आइस्क्रीमने सर्दी होईल, घसा धरेल, ही भीती आमच्याकडे घरोघरी आहे. त्यांना समजावले की गारव्याने दुखणे आणि सूज कमी होते. साधे पांढरे आइस्क्रीम चालेल, काजू-बदाम घातलेले नाही.

दुसऱ्या दिवसापासून मऊ भात, तूप घातलेले वरण, केळे, शिरा, मऊ इडली. मऊ अन्न हळूहळू चावून खाल्ले की घशाचे स्नायू मोकळे होतात, त्यामुळे फक्त पातळ पदार्थांवर फार दिवस ठेवू नये. दोन आठवडे नको असलेल्या गोष्टी आमच्या घरांत हाताशीच असतात: पोह्याचे पापड, कुरकुरीत कुरडया, खाजा, भाजलेले काजू, तिखट सुक्या मासळीची चटणी, काट्याचा मासा. तांदळाची भाकरी दूध-पाण्यात कुस्करून चालेल, पण कडेचा कडक पापुद्रा काढून.

पालक शिक्षण

आईला एकदाच सगळे सांगितले असते तर काहीच लक्षात राहिले नसते. बुधवारी आणि गुरुवारी थोडे थोडे सांगितले आणि तिच्याकडून पुन्हा म्हणवून घेतले.

काय घाबरण्यासारखे नाही, ते आधी सांगितले. घशात पांढरा-पिवळट थर दिसेल, तो पू नाही, खपली आहे. बोटाने किंवा कापसाने काढायची नाही. तोंडाला वास येईल, आवाज बदललेला वाटेल, पहिले एक-दोन दिवस किंचित ताप येईल. कान दुखेल, कारण घसा आणि कान यांना एकाच नसेच्या फांद्या जातात. कानात तेल घालू नये. दात मऊ ब्रशने घासावेत, जेवल्यावर चूळ भरावी, पण घशात खळखळ करून गुळण्या नाहीत आणि खाकरणे नाही.

मग धोक्याच्या खुणा. ताजे लाल रक्त, थेंबभर दिसले तरी. झोपेत सारखे गिळणे. रक्ताची उलटी. फिकट आणि सुस्त होणे. आठ तास लघवी न होणे. १०१.५ फॅरनहाइटपेक्षा जास्त ताप. रक्त दिसले तर बाळाला बसवून पुढे झुकवायचे, थुंकायला लावायचे, खायला-प्यायला काही द्यायचे नाही, हळद घशात लावायची नाही, आणि १०८ ला फोन. "सकाळपर्यंत बघू" असे करायचे नाही, रक्त आपोआप थांबले तरी दाखवायला यायचेच.

आईला झोपलेल्या बाळाचा कंठ पाहून एक मिनिट मोजायला लावले. तिने ओठ हलवत मोजले: "दोन." मी मोजले तेव्हाही दोनच होते.

वडिलांशी बोलताना आणखी एक गोष्ट पुढे आली. पावसाळी मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते आणि १ ऑगस्टला ते समुद्रावर जाणार होते. पाचवा दिवस रविवार, २ ऑगस्ट. दहावा शुक्रवार, ७ ऑगस्ट. नेमक्या त्याच दिवसांत घरात आई, आजी आणि बाळ. मोटरसायकल चालवणारे कोणी नाही, पाऊस चालू, आणि घरात मोबाइलची रेंज नाही, रस्त्यावर चढून जावे लागते. हा प्रश्न मी विचारला नसता तर आमचे सगळे शिक्षण कागदावरच राहिले असते. पहिली फेरी ट्रॉलरवाल्याला सांगून चुकवायची असे वडिलांनी ठरवले. शेजारच्या रिक्षावाल्याचा नंबर आईने दाराच्या मागे खडूने लिहायचा आणि हे दहा दिवस फोन रात्री रेंज मिळते त्या काकांकडे ठेवायचा, असे आजींनीच सुचवले.

मूल्यमापन

गुरुवार, ३० जुलै रोजी घरी सोडताना नाडी ९६, ताप नाही, आदल्या २४ तासांत तोंडाने ९५० मिली द्रव आणि चार वेळा लघवी. मंगळवार, ११ ऑगस्टच्या तपासणीत दोन्ही बाजूंचा पांढरा थर पूर्ण सुटला होता, खाली गुलाबी त्वचा होती. वजन १७.६ किलो. आईने सांगितले की सहाव्या रात्री बाळ जास्त गिळतेय असे वाटून तिने दोनदा मोजले, दोन्ही वेळा तीनच भरले, तोंडात रक्त दिसले नाही आणि पाणी पाजल्यावर बाळ शांत झोपले. बुधवारपासून शाळेला परवानगी दिली, खेळाचा तास आणखी एक आठवडा बंद.