दंड माफ आहे
(कृष्णाकाठच्या गावातलं सार्वजनिक वाचनालय, वरच्या मजल्यासाठी निधी आवाहन. व्हिडिओ संहिता, साधारण साडेतीन मिनिटं)

दृश्य १. वाचनालय, सकाळ
(ग्रंथपाल बाई भिंतीला टेकून उभ्या. भिंतीवर त्यांच्या डोक्याच्या हातभर वर मातकट रेघ.)

बाई: ही रेघ रंगाऱ्यानं नाही, कृष्णामाईनं मारली. ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ फुटांवर. आम्ही तर काठावरचेच. जनावरं सोडली, म्हातारीकोतारी ट्रॅक्टरवर बसवली आणि निघालो. पुस्तकांची आठवण, खरं सांगते, चौथ्या दिवशी झाली.

दृश्य २. मोबाईलवर काढलेले त्या वेळचे फोटो
(संगीत नको. चिखलात चालणाऱ्या खोऱ्याचा आवाज.)

बाईंचा आवाज: दार उघडलं तर रॅक उभे, पुस्तकंही जागच्या जागी. वाटलं, सुटलो. एक पुस्तक ओढलं. येईना. पाण्यानं फुगून सगळी रॅकमध्ये अशी आवळून बसली होती की पहारीनं लोखंड वाकवावं लागलं. दिवाळी अंकांची गुळगुळीत पानं एकमेकांना चिकटून त्यांच्या विटा झाल्या होत्या. काही पुस्तकं गच्चीवर वाळत घातली, पानांमध्ये रद्दी घालून. ऊन कुठलं, पाऊस सुरूच. आठवड्यात बुरशी धरली. शेवटी ट्रॉली लावली. भरताना मी बाहेर जाऊन उभी राहिले.

दृश्य ३. बाईंचं टेबल
(देवघेवीची नोंदवही. बोट एकेका ओळीवरून सरकतं.)

बाई: ही वही आणि दाखल रजिस्टर मी निघताना पिशवीत टाकलं होतं. महिनाभरानं उघडलं. मुदत उलटून गेलेल्यांची यादी नेहमी माझं डोकं उठवायची. पाच-पाच वेळा निरोप धाडले तरी पुस्तक परत न करणारी माणसं! त्या दिवशी लक्षात आलं, आपल्याकडं जे काही शिल्लक आहे ते याच यादीत आहे. जी पुस्तकं वेळेवर परत आली, ती बुडाली.

(वरच्या वस्तीतला रस्ता. एक वयस्कर शेतकरी, हातात जाडजूड कादंबरी.)

शेतकरी: दोन वर्सं माझ्याकडंच हुतं. बाईंना तोंड दावायची लाज वाटायची. मग म्हटलं, आता न्यायलाच पायजे. गेलो, इचारलं, "बाई, दंड किती झाला बगा?"

बाई (हसत, डोळे पुसत): मी म्हटलं, आबा, दंड कसला, तुम्हीच बसा खुर्चीवर.

दृश्य ४. वस्तीतली दारं, एकामागून एक
(हलगी हळू सुरू. कुणी पिशवीतून, कुणी पदराखालून पुस्तक काढतं. एक शाळकरी मुलगा कव्हर नसलेलं पुस्तक पुढं करतो.)

बाईंचा आवाज: १८३ पुस्तकं आली. तेवढ्यावर वाचनालय पुन्हा उघडलं. पुढं लोकांनी, शाळांनी दिली. आज ३,२०० आहेत.

दृश्य ५. अभ्यासिका, संध्याकाळ
(पोलीस भरतीची तयारी करणारी तरुणी, समोर गणिताचं पुस्तक.)

तरुणी: घरी एकच खोली, त्यात टीव्ही. इथं रात्री दहापर्यंत बसता येतं. २०२१ च्या जुलैमध्ये पाणी चढायला लागलं तेव्हा आम्ही पोरापोरींनी रांग लावली. हातोहात सगळी पुस्तकं शाळेच्या माडीवर नेली. एकही भिजलं नाही. पण दर पावसाळ्यात जूनपासून निम्मी पुस्तकं पोत्यात बांधून ठेवतो आम्ही. पोत्यातलं पुस्तक कोण वाचणार?

दृश्य ६. वाचनालयाची गच्ची
(बाई उघड्या सळ्यांच्या शेजारी. मागं ऊस, त्यापलीकडं नदी.)

बाई: आम्ही 'ड' वर्गातलं वाचनालय. सरकारी अनुदानात पगार, वर्तमानपत्रं आणि थोडी नवी पुस्तकं भागतात. मजला चढत नाही. इंजिनिअरनं पाया तपासला, वरचा भार पेलेल म्हणतात. खर्च ७ लाख ८० हजार. गावानं २ लाख ६० हजार जमवलेत. ऊसबिलातून, बचत गटांतून, एका वरातीचा डीजे रद्द करून. राहिले ५ लाख २० हजार. मेच्या आत स्लॅब पडला तर यंदा पोती बांधावी लागणार नाहीत.

(पडद्यावर अक्षरं: ५०० रुपये: सिमेंटचं एक पोतं. ६,५०० रुपये: एक लोखंडी रॅक. शेजारी वाचनालयाच्या खात्याचा क्यूआर कोड.)

बाई: जमेल तेवढं द्या. प्रत्येक रुपयाची पावती मिळेल, आणि हिशेब दर महिन्याला इथल्या फळ्यावर लागेल. आणि पुण्या-मुंबईला गेलेल्या आमच्या जुन्या सभासदांनो, तुमचं कपाट जरा बघा. आमचा शिक्का असलेलं पुस्तक सापडलं तर तेही पाठवून द्या. काही विचारणार नाही.