पेव

आतील दृश्य. हरिपूर, सांगली. जुन्या घरातली एकच खोली. रात्र.

फरशीखाली हळद साठवायचं पेव, 2005 च्या महापुरापासून बंद. खाटेवर आज्जी, जमिनीवर नातू.

ध्वनी: रातकिडे. घड्याळाची टिकटिक.

फरशीखालून: ठक.

रातकिडे थांबतात. दहा सेकंद फक्त टिकटिक. (इथं संगीत अजिबात नको. प्रेक्षकानं स्वतः कान द्यायला हवा.)

नातू : आज्जे, खाली कोन हाय?

आज्जी : नीज गप. बंद पेवात मानूस गुदमरतंय, जगत न्हाई.

ठक. ठक. आता खाटेखाली.

नातू : मग वाजवतंय कोन?

उत्तर नाही. आज्जीचा संथ श्वास. तोच श्वास फरशीखालून, किंचित उशिरा.

टिकटिक बंद.

आज्जीचा आवाज (फरशीखालून) : बाळा, झाकान काढ की.

अंधार.