तुलनात्मक लाभ: दोन देश, दोन वस्तू आणि व्यापारशर्तींची मर्यादा (सोडवलेले उदाहरण)

उदाहरण

देश अ आणि देश ब हे दोघेही गहू आणि कापड या दोनच वस्तू बनवतात. श्रम हा एकच उत्पादन घटक आहे. तो देशांतर्गत एका उद्योगातून दुसऱ्यात सहज जातो, देशाबाहेर जात नाही. उत्पादन कितीही वाढवले तरी प्रति नग लागणारे तास बदलत नाहीत.

| | देश अ | देश ब |
|---|---|---|
| १ क्विंटल गव्हासाठी तास | २ | ५ |
| १ तागा कापडासाठी तास | ५ | ६ |
| एकूण उपलब्ध तास | १,००० | १,५०० |

व्यापार नसताना अ ६०० तास गव्हाला व ४०० तास कापडाला देतो. ब ६०० तास गव्हाला व ९०० तास कापडाला.

(१) कोणता देश कशात विशेषीकरण करेल? (२) दोघांनाही फायदा होईल अशा व्यापारशर्तींची, म्हणजे एका ताग्याच्या बदल्यात किती गहू या दराची, मर्यादा काढा. (३) १ तागा = १.८ क्विंटल या दराने ९० तागे विकले गेले, तर प्रत्येकाचा लाभ किती? (४) प्रत्येक ताग्यामागे ०.२ क्विंटल गव्हाइतका वाहतूक खर्च आयात करणाऱ्याला पडला, तर मर्यादा किती उरते?

उकल

(१) अ ला दोन्ही वस्तूंसाठी कमी तास लागतात, म्हणजे निरपेक्ष लाभ दोन्हींत त्याचाच आहे. बरेच विद्यार्थी इथेच थांबतात आणि ‘ब कडे विकण्यासारखे काही नाही’ असे लिहून मोकळे होतात. तास कोणाचे कमी यावर व्यापाराची दिशा ठरत नाही. एक तागा विणण्यासाठी प्रत्येक देशाला किती गहू सोडावा लागतो, यावर ठरते.

अ: एका ताग्याचे ५ तास गव्हाला दिले असते तर ५ ÷ २ = २.५ क्विंटल पिकले असते.
ब: एका ताग्याचे ६ तास गव्हाला दिले असते तर ६ ÷ ५ = १.२ क्विंटल.

हा सोडलेला गहू म्हणजे कापडाचा संधी खर्च. तो ब मध्ये कमी, म्हणजे कापडात तुलनात्मक लाभ ब चा, म्हणून ब कापड बनवेल. गव्हाचा संधी खर्च वेगळा काढायची गरज नाही, तो वरच्याचा व्यस्त असतो: अ मध्ये ०.४ तागा, ब मध्ये सुमारे ०.८३ तागा. गहू अ पिकवेल. एकच देश दोन्ही वस्तूंत तुलनात्मक लाभ घेतो असे उत्तर आले, तर भागाकारात चूक आहे हे नक्की समजा.

(२) ब घरच्या घरी एका ताग्याच्या बदल्यात १.२ क्विंटल मिळवतोच. बाहेर त्याहून जास्त मिळाले तरच तो विकेल. अ ला घरी एक तागा २.५ क्विंटलला पडतो; त्याहून स्वस्त मिळाला तरच तो घेईल. म्हणून

१.२ क्विंटल < १ तागा < २.५ क्विंटल

हीच मर्यादा गव्हाच्या बाजूने लिहिली तर ०.४ तागा < १ क्विंटल < ०.८३ तागा. व्यस्त घेताना टोके आपापली जागा बदलतात, हे विसरून ‘०.८३ ते ०.४’ असे उलटे लिहिलेले उत्तर पुष्कळदा दिसते.

मर्यादेबाहेर काय होते ते पाहा. १ तागा = १ क्विंटल असा दर असेल तर ब ला ९० ताग्यांचे ९० क्विंटल मिळतील. पण त्या ताग्यांचे ५४० तास शेतात लावले असते तर त्याने स्वतःच १०८ क्विंटल पिकवले असते. दर ३ असेल तर अ ला ९० ताग्यांसाठी २७० क्विंटल द्यावे लागतील. त्यांच्या ५४० तासांत त्याने १०८ तागे विणले असते. नेमक्या टोकावर मात्र एका देशाला व्यापार केला काय नि न केला काय सारखेच, सगळा लाभ दुसऱ्याच्या पदरात.

(३) व्यापारापूर्वी अ कडे ३०० क्विंटल व ८० तागे, ब कडे १२० क्विंटल व १५० तागे. एकूण ४२० आणि २३०. पूर्ण विशेषीकरणानंतर अ ५०० क्विंटल व ब २५० तागे बनवतो: तेवढ्याच तासांत ८० क्विंटल आणि २० तागे जास्त. ९० ताग्यांची किंमत ९० × १.८ = १६२ क्विंटल.

| | गहू | कापड | लाभ |
|---|---|---|---|
| अ | ५०० − १६२ = ३३८ | ९० | ३८ क्विंटल, १० तागे |
| ब | १६२ | २५० − ९० = १६० | ४२ क्विंटल, १० तागे |

पडताळा: ३८ + ४२ = ८०, १० + १० = २०. बेरीज जुळत नसेल तर पुढे जाऊ नका.

दर मर्यादेत असला म्हणजे कितीही माल विकला तरी दोघांकडे दोन्ही वस्तू वाढतात, असे मात्र नाही. १.८ या दराने ६० च तागे विकले तर अ कडे ६० तागे राहतात, आधीच्या ८० पेक्षा कमी, आणि ब कडे १०८ च क्विंटल येतात. दोन्ही वस्तू दोघांकडे वाढायच्या तर विकलेले तागे ८० पेक्षा जास्त (अ चे कापड) आणि १०० पेक्षा कमी (ब चे कापड) हवेत. शिवाय गव्हासाठी, दर द धरला तर, १२० ÷ द पेक्षा जास्त (ब) आणि २०० ÷ द पेक्षा कमी (अ) हवेत. या चारही अटी एकाच वेळी पाळणारी संख्या सापडायला २०० ÷ द > ८० आणि १२० ÷ द < १०० हवे, म्हणजेच द २.५ पेक्षा कमी आणि १.२ पेक्षा जास्त. संधी खर्चाला हात न लावता तीच मर्यादा पुन्हा हाती येते. उत्तर तपासायला यापेक्षा चांगली रीत नाही.

(४) अ ला तागा दर + ०.२ ला पडतो. म्हणून दर + ०.२ < २.५, म्हणजे वरचे टोक २.३. खालचे १.२ तसेच. हा खर्च प्रति तागा १.३ क्विंटल झाला की मर्यादाच संपते आणि व्यापार थांबतो.

नेहमी अडणाऱ्या जागा

तक्ता तासांचा आहे की ‘एका तासातील उत्पादना’चा, हे आधी वाचा. हेच आकडे तासाला होणारे उत्पादन असते, तर अ मध्ये एका ताग्याचा संधी खर्च २ ÷ ५ = ०.४ क्विंटल व ब मध्ये ५ ÷ ६ = ०.८३ झाला असता. कापड अ ने विकले असते. दिशाच उलटते, आणि आकडे ओळखीचे दिसत असल्याने चूक डोळ्यांत भरत नाही.

मर्यादेची सरासरी १.८५ काढून ती ‘खरी’ व्यापारशर्त म्हणून देऊ नये. तुलनात्मक लाभाचा सिद्धांत देणाऱ्या अर्थशास्त्रज्ञ रिकार्डोच्या मांडणीतून फक्त मर्यादा मिळते. तिच्या आत दर कुठे स्थिरावेल हे दोन्ही देशांच्या परस्पर मागणीवर ठरते, आणि ती जोड जॉन स्टुअर्ट मिलने दिली. रिकार्डोच्या १८१७ च्या उदाहरणात इंग्लंडला कापडासाठी १०० व वाइनसाठी १२० माणसांचे वर्षभराचे श्रम लागतात, पोर्तुगालला ९० व ८०. तिथे कापडाची किंमत वाइनमध्ये ०.८३ ते १.१२५ येते, आणि त्याने घेतलेला एकास एक दर त्यात बसतो, एवढेच.

६ तास लावणारा ब, ५ तास लावणाऱ्या अ पेक्षा कापड स्वस्त कसे देतो? मजुरीमुळे. दर १.८ असताना अ मधील तासाची मजुरी १ ÷ २ = ०.५ क्विंटल, ब मधील १.८ ÷ ६ = ०.३ क्विंटल. अ चा तागा ५ × ०.५ = २.५ ला पडला असता, ब चा ६ × ०.३ = १.८ ला पडतो. ब मधील मजुरी कमी आहे म्हणून ब चे नुकसान झाले, असा निष्कर्ष मात्र काढू नये: व्यापाराआधी त्याच्या एका तासाला १ ÷ ५ = ०.२ क्विंटलच मिळत होते.