मंथ-एंड क्लोजिंग म्हणजे नक्की काय केलंस? (मॉक इंटरव्ह्यू)

गुरुवारी सातपूरला ज्युनिअर अकाउंटंटचा इंटरव्ह्यू आहे, म्हणून रविवारी सिडकोत मामाकडे प्रॅक्टिसला गेले होते. मामा अंबडच्या कंपनीत वीस वर्षं अकाउंट्स बघतोय. फोनवर रेकॉर्ड केलेलं ऐकून जसंच्या तसं टाईप केलंय, माझी ततपप पण ठेवलीये.

मामा: बसा. तुमच्या सीव्हीत लिहिलंय, "मंथ-एंड क्लोजिंग हँडल केलं". सांगा जरा.

मी: हो सर, मागच्या फर्ममध्ये मी दर महिन्याचं क्लोजिंग बघायचे, म्हणजे सगळ्या एंट्र्या चेक करणं, रिकन्सिलिएशन, जीएसटी, टीडीएस, सगळं टाईममध्ये व्हायचं.

मामा: "सगळं" म्हणजे काय? एक तारखेला सकाळी ऑफिसला आलात, टॅली उघडलं. पहिलं काय केलं?

मी: पहिलं... बँक बघायचे.

मामा: किती खाती?

मी: दोन. एक करंट, एक कॅश क्रेडिटचं.

मामा: टॅलीत आणि स्टेटमेंटमध्ये फरक आला असा एखादा महिना सांगा. आकड्यासकट.

मी: अं... एकदा टॅलीत २,४१,६५० होते आणि बँकेत २,५९,४६०. म्हणजे १७,८१० जास्त. आम्ही ३० तारखेला एका सप्लायरला १८,४०० चा चेक दिला होता, तो त्याने ३ तारखेला भरला. आणि बँकेने ५९० चार्जेस कापले होते, पाचशे अधिक जीएसटी, ते आमच्याकडे टाकलेच नव्हते.

मामा: मग दोन्हीची एंट्री केली?

मी: नाही, चेकची नाही, तो नुसता पेंडिंग दिसतो, क्लिअर झाल्यावर बँक डेट टाकायची. चार्जेसची एंट्री केली.

मामा: (भूमिका सोडून) अगं मग हे आधी का नाही बोललीस? "सगळं बघायचे" काय म्हणतेस, समोरच्याला वाटतं हिने काहीच केलं नाही. बरं, चल पुढे. प्रोव्हिजन कोण करायचं?

मी: मी यादी करायचे. लाईट बिल, टेम्पोवाल्याचं भाडं, जे बिल पुढच्या महिन्यात येतं पण खर्च या महिन्याचा असतो. महावितरणचं बिल आलेलं नसलं तर मागच्या बिलावरून अंदाज धरायचा, खर्च डेबिट, आउटस्टँडिंग खर्च क्रेडिट. आमचे सीनियर सर आकडा बघून ओके म्हणायचे मग एंट्री.

मामा: आणि पुढच्या महिन्यात?

मी: एक तारखेला रिव्हर्स.

मामा: विसरलात तर?

मी: (गप्प) विसरले होते एकदा. टेम्पोचं भाडं. प्रोव्हिजन तशीच राहिली आणि वर खरं बिल पण खर्चात टाकलं, सरांनी ट्रायल बॅलन्स बघून विचारलं भाडं एवढं कसं वाढलं. मग मी प्रोव्हिजनची यादी एक्सेलमध्ये ठेवायला लागले, समोर रिव्हर्स झालं की टिक.

मामा: हे इंटरव्ह्यूत बोलायचं, लाजायचं नाही. आता जीएसटी, टीडीएस. रिटर्न तुम्ही भरायचात?

मी: भरायचे म्हणजे...

मामा: हो की नाही?

मी: नाही. मी वर्किंग करायचे. खरेदीची बिलं जीएसटीआर-२बीशी, म्हणजे सप्लायरनी पोर्टलवर दाखवलेल्या बिलांच्या यादीशी टॅली करायची, ते १४ तारखेला येतं, न दिसणाऱ्या बिलांसाठी सप्लायरला फोन. ३बी, म्हणजे जीएसटीचं रिटर्न, सर भरायचे. टीडीएसचा पण हिशोब माझा, ७ तारखेच्या आत चलन मात्र सरांचं.

मामा: मग सीव्हीत "हँडल" कशाला लिहिलंस? सातपूरच्या त्या माणसाने पहिल्याच महिन्यात सांगितलं ना, "मॅडम तुम्हीच भरा ३बी", तर काय करशील? बरं, आता तोच प्रश्न परत. मंथ-एंडमध्ये तुमचं काम काय होतं?

मी: सर, महिना बंद करायचे सीनियर, मी त्यांना तयारी करून द्यायचे. दोन बँकांचं रिकन्सिलिएशन, साधारण बारा-पंधरा खर्चांच्या प्रोव्हिजनची यादी आणि रिव्हर्सल, आणि २बीशी खरेदीचं मॅचिंग. ३बी आणि टीडीएसचं चलन मी स्वतः भरलेलं नाही, पण वर्किंग माझं असायचं.

मामा: किती दिवस लागायचे?

मी: बँक आणि प्रोव्हिजन पाच तारखेपर्यंत. मॅचिंग १४ नंतरच.

मामा: का, लवकर का नाही?

मी: २बी आल्याशिवाय कशाशी मॅच करणार सर?

मामा: (हसतो) ठीक. महिना लॉक कोण करायचं?

मी: सर. पासवर्ड माझ्याकडे नव्हता.

मामा: असंच सांग. मामी, चहा टाक गं, हिला आता पगाराचं विचारायचंय.